आधी नळ, मग रिक्षा

गेल्या रविवारी धायरीत शेजारच्या काकूंच्या चार वर्षांच्या नातवाने आजोबांची चुन्याची पुडी दाबली. पुडी फुटली आणि चुना थेट उजव्या डोळ्यात. पोरगं किंचाळतंय, मुठीने डोळा चोळतंय. आजोबा म्हणाले, "रिक्षा आणा." काकू गुलाबपाणी शोधायला धावल्या.

मी म्हटलं, "काकू, आधी नळ!" दवाखाना गाठायला सिंहगड रोडवरून निदान अर्धा तास, आणि तेवढ्या वेळात चुना आत शिरत राहतो. चुना अल्कली आहे. अ‍ॅसिडने वरचा थर जळून घट्ट होतो, त्याने पुढची वाट थोडी अडते. अल्कली मात्र पेशी विरघळवत बुबुळात खोल जाते. म्हणून पहिली काही मिनिटंच डोळा वाचवतात, आणि ती आपल्याच हातात असतात.

पोराला हातांसकट टॉवेलमध्ये गुंडाळलं. बेसिनवर आडवं धरलं, चुना गेलेला डोळा खाली, म्हणजे घाण पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. काकूंनी बोटांनी पापण्या उघड्या धरल्या आणि मी मगने नाकाकडून कानाकडे साधं पाणी सोडत राहिले. घड्याळ लावून वीस मिनिटं. एवढा वेळ ओरडणाऱ्या पोराला धरून ठेवणं जिवावर येतं, पण दोन मगांवर थांबू नका. पापण्यांवरचा चुना ओल्या स्वच्छ कापडाने टिपून घेतला. रिक्षातही बाटलीतून धार चालूच ठेवली.

आजोबा लिंबाचं पाणी टाका म्हणत होते, "चुना मरेल." अजिबात नको! जखमी डोळ्यात अ‍ॅसिड कशाला? दूध, तूप, घरातले जुने ड्रॉप्स, काहीच नको.

नेत्ररुग्णालयात डॉक्टरांनी कागदाची पट्टी लावून डोळ्यातला अल्कलीपणा तपासला, सलाईनने पुन्हा धुतलं आणि वरची पापणी उलटी केली. आत चुन्याचा पांढरा गोळा चिकटलेला होता! घरी कितीही धुतलं तरी असा गोळा राहू शकतो आणि तासन् तास चुना सोडत राहतो. म्हणून धुतल्यावर बरं वाटलं तरी दाखवायचंच. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं: डोळा लाल न होता बुबुळाच्या कडेने पांढराफटक दिसला तर उलट जास्त धोका, कारण तिथल्या रक्तवाहिन्याच जळालेल्या असतात. आपण मात्र "लाल नाही, म्हणजे ठीक आहे" म्हणून मोकळे होतो.

सिमेंट, ड्रेन साफ करायची पावडर, बॅटरीचं पाणी, सगळ्याला हेच. कोरडी पावडर असेल तर आधी चेहऱ्यावरून झटका, मग पाणी. लेन्स असेल तर धुताधुता काढा.

रस्त्यावरची साधी धूळ गेली तर न चोळता डोळे मिचकावा, पाण्याने धुवा. चोळलं की तोच कण बुबुळावर ओरखडा काढतो. टोचणं, अंधुक दिसणं किंवा उजेड सहन न होणं राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पण ग्राइंडरवर काम करताना काही उडून आत घुसल्यासारखं वाटलं, तर धुणंही नको, दाबणंही नको. कागदी कप उलटा ठेवून डोळा झाका आणि तडक नेत्ररुग्णालय गाठा.