चादरीच्या वर्णनावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

“ताई, मागच्या पोस्टमधलं चादरीचं उदाहरण वाचलं. स्पष्ट लिहितो, राग नसावा. मशीनचं पोर्तुगीज समजत होतं, तरी तुम्ही जवळपास प्रत्येक ओळ बदलली. हे पोस्ट-एडिटिंग नाही, नव्याने केलेलं भाषांतर आहे, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. विशेषण नामानंतर येतं असं तुम्हीच सांगता आणि ‘नोवो’ मात्र आधीच ठेवता. ‘व्होसे’ काढलंत तेही पटलं नाही. पणजीत पोर्तुगीज शिकलेल्या माणसाने ब्राझीलच्या गिऱ्हाइकाला काय खटकेल हे नागपुरात बसून ठरवावं का?” — एक वाचक

नमस्कार. मागच्या पोस्टमध्ये ब्राझीलच्या गिऱ्हाइकांसाठी मशीनने केलेलं एका चादरीच्या वर्णनाचं भाषांतर मी दुरुस्त करून दाखवलं होतं. मशीनचं भाषांतर असं माणसाने दुरुस्त करणं म्हणजेच पोस्ट-एडिटिंग. ‘व्होसे’बद्दल, म्हणजे ‘तुम्ही’ या सर्वनामाबद्दल, तुमचं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पणजीत मला शिकवणाऱ्या बाईंचं पोर्तुगीज लिस्बनच्या वळणाचं होतं. पोर्तुगालमध्ये अनोळखी माणसाला ‘व्होसे’ म्हटलेलं अनेकांच्या कानाला बरं लागत नाही. तिथे सर्वनाम गाळून नुसतं क्रियापद वापरतात. ती सवय माझ्या हाताला लागली आहे. त्यामुळे ‘व्होसे व्हाय आमार’, म्हणजे ‘तुम्हाला खूप आवडेल’, यातलं ‘व्होसे’ मी काढून टाकलं. पण ब्राझीलच्या बहुतेक भागांत ‘व्होसे’ हेच रोजचं, सरळ संबोधन आहे. ते काढलं की ‘व्हाय आमार’ हे ‘त्याला आवडेल’ किंवा ‘तिला आवडेल’ असंही वाचता येतं. मशीनची ओळ ठीक होती, मीच ती बिघडवली. मूळ पोस्टमध्ये ते परत घातलं आहे.

तशीच दुसरी चूक ‘सुआव्ह’ची. ‘मऊ स्पर्श’ यासाठी मशीनने ‘तोक सुआव्ह’ दिलं होतं आणि मी त्याचं ‘तोक मासिउ’ केलं. कापडासाठी दोन्ही चालतात. मला दुसरं आवडतं, एवढंच कारण होतं, आणि पोस्ट-एडिटिंगमध्ये ते कारण पुरत नाही. तो शब्दही परत ठेवला.

आता उरलेल्या ओळींबद्दल. तिथे मी माघार घेणार नाही. मशीनचा मजकूर पुन्हा समोर ठेवते:

```
Novo lençol impresso à mão em bloco
Você vai amar o toque suave em sua pele.
Experimenta hoje!
Tamanho da folha: duplo, 90 x 108 polegadas
Máquina de lavar frio.
```

गांधीबागेतल्या एका व्यापाऱ्याची ही ब्लॉक प्रिंटची सुती चादर. इंग्रजी मूळ त्याच्याच मुलाने एक्सेल शीटमध्ये भरलं होतं. तुम्ही म्हणता, हे समजतं. मग चौथी ओळ बघा. ‘फोल्या’ म्हणजे पान: झाडाचं किंवा कागदाचं. इंग्रजीत ‘शीट’ कागदालाही म्हणतात आणि चादरीलाही. पूर्ण वाक्य मिळालं तेव्हा मशीनने बरोबर ‘लेन्सोल’ निवडलं, ते पहिल्याच ओळीत दिसतं. पण ‘शीट साइज’ हे दोन शब्द एका वेगळ्या खान्यात एकटे होते. आजूबाजूला चादर नाही, पलंग नाही. मशीन प्रत्येक खाना स्वतंत्र वाचतं, म्हणून तिथे कागदाचा आकार आला. त्याच्याच पुढे ‘दुप्लो’ आहे. इंग्रजीतला ‘डबल’ शब्दशः उचलला की कापड दुपदरी असल्यासारखं वाटतं. ब्राझीलमध्ये त्या पलंगाला ‘कामा दे कासाल’ म्हणतात, म्हणजे जोडप्याचा पलंग, आणि त्याची गादी साधारण 1,38 बाय 1,88 मीटर असते. घरातल्या मापांना तिथे इंच वापरत नाहीत. इंच दिसतात ते टीव्हीच्या पडद्याला. म्हणून 90 बाय 108 इंच मी 2,29 बाय 2,74 मीटर असं लिहिलं, तिथल्या रीतीप्रमाणे दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देऊन. चादर आपल्या गादीवरून किती खाली लोंबेल, हे आता गिऱ्हाईक स्वतः मोजू शकतं.

शेवटची ओळ तर समजतच नाही. इंग्रजीत ‘मशीन वॉश कोल्ड’ ही आज्ञा आहे, पण त्यात एकही शब्द ‘मी क्रियापद आहे’ असं सांगत नाही. मशीनने सगळी नामं धरली आणि झालं ‘धुण्याचं यंत्र थंड’. ती ओळ अशी हवी:

```
Lavar à máquina com água fria.
```

इथे ‘लावार’ हे क्रियापदाचं मूळ रूप मुद्दाम ठेवलं आहे. कपड्यांच्या निगेच्या सूचना पोर्तुगीजमध्ये बहुधा याच रूपात येतात. औषधाच्या खोक्यावर आपण ‘थंड जागी ठेवा’ म्हणण्याऐवजी ‘थंड जागी ठेवावे’ असं छापतो, तसंच हे. वर्णनात गिऱ्हाइकाशी बोलायचं आणि सूचनेत कोणाशीच बोलायचं नाही.

बोलण्याचा विषय निघालाच आहे तर तिसरी ओळ घेऊ. दुसऱ्या ओळीत ‘व्होसे’ आहे आणि तिसऱ्या ओळीतलं ‘एक्सपेरिमेंता’ हे ‘तू’चं आज्ञार्थी रूप आहे. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये तू, तुम्ही, आपण सगळे एकत्र असतात, आणि मशीन ओळ बदलली की नव्याने निवड करतं. ब्राझीलमध्ये बोलताना हे दोन्ही सर्रास मिसळतात, हे मला माहीत आहे. जाहिरातीच्या घोषवाक्यात मी त्याला हात लावला नसता. पण दुकानाच्या लिखित वर्णनात एक ओळ ‘आपल्याला आवडेल’ आणि पुढची ‘घेऊन बघ’ अशी आली, तर हे दोन वेगळ्या माणसांनी लिहिलंय असं आपल्यालाही वाटेलच ना? एका अक्षराचा बदल आहे: ‘एक्सपेरिमेंते’.

दुसऱ्या ओळीतलं ‘एं सुआ पेले’, ‘तुमच्या त्वचेवर’, मी ‘ना पेले’ केलं. हा बदल तुम्हाला आवडीनिवडीचा वाटला असेल. तसा तो नाही. ‘मी हात धुतले’ असं आपण म्हणतो. ‘मी माझे हात धुतले’ असं कोणी म्हटलं तर ऐकणारा क्षणभर थबकतो. पोर्तुगीजमध्येही शरीराच्या अवयवांपुढे साधं उपपद पुरतं, कोणाचे ते उघडच असतं. इंग्रजीत मात्र ‘युअर’ लागतो आणि मशीन तो जसाच्या तसा आणतं. व्याकरणात अशी ओळ चुकत नाही, म्हणूनच ती तपासणीतून निसटते. मूळ झाकून नुसतं पोर्तुगीज वाचलं की ती सापडते. मी प्रत्येक वर्णन दोनदा वाचते: एकदा मूळ शेजारी ठेवून, अर्थ सुटला का हे बघायला, आणि एकदा मूळ झाकून, वाचताना कुठे अडते हे बघायला. फक्त शेजारी ठेवून वाचलं तर इंग्रजीचा ठेका डोक्यात राहतो आणि सगळंच बरोबर वाटत जातं.

पहिल्या ओळीत ‘इम्प्रेसो’ बदलण्यामागे व्यापाऱ्याचा थेट तोटा होता. ‘इम्प्रेसो’ म्हणजे छापील, पण हा शब्द मुख्यतः कागदाच्या छपाईचा. कापडावरच्या नक्षीला ‘एस्ताम्पादो’ म्हणतात. ‘ब्लोको’ म्हटलं की लिहायचं पॅड किंवा सिमेंटची वीट आठवते. लाकडी ठसा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. ज्या हातकामाचे जास्त पैसे मागायचे, तेच वर्णनातून गळून पडलं होतं. म्हणून ‘एस्ताम्पादो आ मांव कों कारिम्बोस दे मादेइरा’, लाकडी ठशांनी हाताने नक्षी उठवलेली. ‘कारिम्बो’ म्हणजे ठसा, शिक्का.

‘नोवो’ आधी ठेवण्याचं कारण वेगळं आहे. विशेषण नामानंतर येतं हा नियम बहुतेक वेळा लागू पडतो, पण काही विशेषणं जागा बदलली की अर्थ बदलतात. ‘लेन्सोल नोवो’ म्हणजे कोरी, न वापरलेली चादर. ‘नोवो लेन्सोल’ म्हणजे नव्याने बाजारात आलेली. मराठीत ‘नवी चादर’ दोन्हीला चालते, म्हणून आपल्याला हा फरक चटकन जाणवत नाही. व्यापाऱ्याच्या शीटमध्ये ‘न्यू’ हा शब्द ताज्या मालाच्या शिक्क्यासारखा होता. तेव्हा मशीनचा क्रम बरोबर होता. नियम पाठ असलेल्या एडिटरने तो ‘सुधारला’ असता तर वाक्य शुद्धच राहिलं असतं आणि अर्थ मात्र बदलला असता.

पैशांबद्दल. ISO 18587 हे 2017चं मानक पूर्ण पोस्ट-एडिटिंगबद्दल आहे. मशीनचा मजकूर शक्य तितका वापरायचा, आणि तरीही हाती येणारा मजकूर माणसाने केलेल्या भाषांतराच्या तोडीचा हवा, अशी त्यामागची अपेक्षा आहे. या दोन गोष्टी एकमेकींना ओढतात हे मान्य. छोट्या वर्णनात बदल जास्त दिसतात, कारण सगळी अडचण मथळ्यात आणि मापांत साठलेली असते. त्या ऑर्डरमध्ये 48 चादरी होत्या. पहिल्या दहा वर्णनांना निम्मा वेळ गेला. पुढे तेच शब्द परत येत होते.

आणि तिथे मी एक मोठी चूक केली, ती मागच्या पोस्टमध्ये लिहायला हवी होती. ‘फोल्या’ सगळीकडे एकदम ‘लेन्सोल’ने बदलला. एका चादरीवर पानांची नक्षी होती, ‘एस्ताम्पा दे फोल्यास’. तिथे चादरींची नक्षी झाली. शिवाय ‘फोल्या’ स्त्रीलिंगी आणि ‘लेन्सोल’ पुल्लिंगी, त्यामुळे मागेपुढे ‘दा’ आणि ‘एस्ताम्पादा’ तशीच उरली. ‘मोठी पलंग’ म्हटल्यासारखं. आता मी एकेक जागा बघून बदलते, आणि बदलल्यावर दोन्ही बाजूंचे शब्दही तपासते.

नागपुरात बसून ठरवण्याबद्दल: एकटी ठरवत नाही. वाक्यरचना आणि अर्थ मी तपासू शकते. एखादा शब्द तिथल्या दुकानात चालतो का, हे आधी ब्राझीलच्या दुकानांची त्याच मालाची पानं उघडून बघते. तिथेही शंका राहिली तर साओ पाउलोच्या एका सहकारी बाईंना विचारते. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे साडेदहा झालेले असतात. ‘व्होसे’ मी त्यांना विचारलंच नाही, कारण मला शंकाच आली नव्हती. पणजीत शिकल्याची खरी अडचण हीच आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेनंतर संबोधनाची प्रत्येक ओळ त्यांना पाठवायची असं ठरवलं आहे. त्यांनीच पूर्वी एकदा ‘कामिझोला’ पकडून दिला होता: पोर्तुगालमध्ये तो स्वेटर, ब्राझीलमध्ये बायकांचा रात्री घालायचा झगा.

दुरुस्त केलेलं वर्णन आता असं आहे:

```
Novo lençol estampado à mão com carimbos de madeira
Você vai amar o toque suave na pele.
Experimente hoje!
Tamanho: casal, 2,29 x 2,74 m, sem elástico
Lavar à máquina com água fria.
```

चौथ्या ओळीतलं ‘सें एलास्तिको’, म्हणजे इलॅस्टिक नसलेली, हे मूळ इंग्रजीत नव्हतं. आपल्याकडे चादर म्हटली की ती साधीच असते, पण तिथल्या गिऱ्हाइकाला गादीवर ओढून बसवायची चादर हवी असू शकते. मूळात नसलेली माहिती घालणं हे पोस्ट-एडिटिंगच्या बाहेरचं काम आहे, त्यामुळे इथे तुमचा आक्षेप लागू पडला असता. म्हणून मी ते आपल्या मनाने घातलं नाही. व्यापाऱ्याला फोन केला, त्याने चादर उलगडून पाहिली, ‘नाही ताई, इलॅस्टिक नाही, टाका तसं’ म्हणाला, आणि मग ते दोन शब्द लिहिले.