तिसरी पावती

काल आईला घेऊन बँकेत गेलो. कोर्टाचा शिक्का असलेलं सक्सेशन सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. समोरच्या बाईंनी यादीवरून बोट खालपर्यंत नेलं आणि म्हणाल्या, "यात तिसरी एफडी नाही. तिचे पैसे देता येणार नाहीत."

ती यादी आम्ही मनाने लिहिली होती का? बाबा गेल्यावर याच शाखेकडून पत्र मागितलं होतं, त्यांच्या नावावर काय काय आहे ते लिहून द्या म्हणून. त्यात एक बचत खातं आणि दोन एफडी होत्या. वकिलांनी आकडे तसेच्या तसे अर्जात उतरवले. तिसरी एफडी जुन्या कस्टमर आयडीखाली होती, ती तुम्हाला काल दिसली! आणि आता पुन्हा कोर्टात जायचं आम्ही. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 376 खाली राहिलेली रक्कम सर्टिफिकेटमध्ये वाढवून घेता येते, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा फी, पुन्हा तारखा.

तेरा महिने घालवलेत आम्ही यात. नॉमिनी नाही आणि रक्कम तुमच्या मर्यादेच्या वर, म्हणून सर्टिफिकेट आणा म्हणालात. त्याआधी तहसीलमधून आणलेला वारस दाखला तुम्हीच परत केलात. तो चालत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?

अर्जात वारस म्हणून आई, ताई आणि मी असे तिघे लिहिले होते. वकिलांनी विचारलं, "वडिलांची आई आहे का?" आहे. मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू वारसा कायद्यात आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस, बायकोमुलांच्या बरोबरीची. म्हणजे चार वारस, प्रत्येकी चौथा हिस्सा. तिचं नाव गाळलं असतं तर ती माहिती दडवल्यासारखी झाली असती. म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांची आजी माझ्या दंडाला धरून कोर्टाचा जिना चढली. संमतीच्या कागदावर अंगठा उठवताना शाई तिच्या पदराला लागली. "माझ्या लेकाच्या पैशाला माझा अंगठा कशाला?" एवढंच म्हणाली. पेपरात जाहीर नोटीस दिली, कुणाची हरकत आली नाही, तेव्हा आईच्या नावाने सर्टिफिकेट निघालं.

आता त्याच आजीला पुन्हा तिथे नेऊ मी?

कालच बँकेत बसून अर्ज लिहिला: बाबांच्या नावाचे सगळे कस्टमर आयडी, प्रत्येक खातं, प्रत्येक पावती, मृत्यूच्या दिवशीची शिल्लक, सगळं लेखी द्या. बाई म्हणाल्या, ठेवून जा. आधीचं पत्रही असंच ठेवून आलो होतो. या वेळी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठलो नाही.