सिरॉसिसमध्ये झोपेची गोळी सकाळपर्यंत उतरत नाही

«लिव्हरच्या पेशंटला झोप लागत नसेल तर घाबरू नका. एसजीपीटी नॉर्मल आहे ना? मग लिव्हर औषध पचवतं. गोळी सकाळपर्यंत उतरतेच. जास्तच भीती वाटली तर लोराझेपाम द्या, ती लिव्हरला सेफ आहे, पूर्ण डोस चालतो.»

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून हा मेसेज माझ्यापर्यंत आला. मी ठाण्यात फिजिशियन आहे. त्याच आठवड्यात कळव्याच्या एका काकांना त्यांचा मुलगा रिक्षातून घेऊन आला होता. वय 61, सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होऊन कडक होण्याचा आजार, दोन वर्षांपूर्वीच कळलेला. शेजाऱ्यांनी दिलेली झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची 10 मिलिग्रॅमची गोळी तीन रात्री घेतलेली. "डॉक्टर, बाबा हाक मारली की डोळे उघडतात आणि पुन्हा झोपतात," मुलगा सांगत होता.

आधी एसजीपीटीचं बघू. काकांचं 32 होतं, म्हणजे नॉर्मलच. हे एन्झाइम लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात उतरतं. पेशी किती काम करतात, हे ते सांगत नाही, आणि सिरॉसिसमध्ये तर इजा व्हायला पेशीच कमी उरलेल्या असतात. काम दिसतं ते अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि आयएनआर या रक्ताच्या तपासण्यांमध्ये. काकांचं अल्ब्युमिन 2.6, बिलिरुबिन 2.4, आयएनआर 1.6, पोटात थोडं पाणी. लिव्हरचा आजार किती पुढे गेला हे ए, बी, सी वर्गांत सांगणाऱ्या चाइल्ड-प्यू मोजणीत मेंदूवरचा परिणाम न धरताच त्याचे 9 गुण होतात, म्हणजे बी वर्ग, सी च्या अगदी उंबरठ्यावर; तो धरला की सी वर्गच. किडनीच्या आजारात क्रिएटिनिनवरून डोस बऱ्यापैकी ठरवता येतो. लिव्हरसाठी असा एकही आकडा नाही. चाइल्ड-प्यूही फक्त अंदाज देतो, म्हणून डोस कमीपासून सुरू करून माणसाकडे बघत राहावं लागतं.

आता गोळी उतरण्याचं. निरोगी माणसात झोल्पिडेमची रक्तातली पातळी साधारण सव्वादोन तासांत निम्मी होते. रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळी आठला जवळजवळ संपलेली असते. लिव्हर निकामी होत आलेल्या रुग्णांत हाच काळ सुमारे दहा तास भरला, आणि सर्वोच्च पातळीही दुप्पट निघाली. याचं कारण दुहेरी आहे. आतड्यातून आलेलं रक्त लिव्हरला वळसा घालून बाजूच्या फुगलेल्या शिरांतून थेट पुढे जातं, त्यामुळे पहिल्या फेरीत जे औषध गाळलं जायचं तेही अंगात पोचतं. आणि जे लिव्हरमध्ये शिरतं, ते तोडणारी एन्झाइम्स थकलेली असतात.

हिशेब करून बघा. सुरुवात दुप्पट आणि दहा तासांनी त्याची निम्मी, म्हणजे सकाळी आठला काकांच्या रक्तात साधारण तेवढंच औषध होतं, जेवढं धडधाकट माणसाच्या रक्तात ऐन भरात असतं. दुसऱ्या रात्री दहाला सुरुवातीच्या पातळीचा साधारण पाचवा हिस्सा अजून शिल्लक होता, आणि त्यावर नवी गोळी पडली. म्हणूनच सौम्य ते मध्यम आजारात हा डोस 5 मिलिग्रॅम आणि गंभीर आजारात ही गोळी टाळायची, असा दंडक आहे.

लोराझेपामबद्दलचं अर्धं वाक्य खरं आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. ती एकाच टप्प्यात मोडते, त्या टप्प्यावर सिरॉसिसचा परिणाम कमी होतो, आणि मागे दुसरं गुंगी आणणारं द्रव्य उरत नाही. त्याच गटातल्या डायझेपामचं तसं नाही, ती मोडून तयार होणारं द्रव्यही गुंगी आणतं. म्हणून नाइलाजाने या गटातलं काही द्यायचंच झालं, तर आम्ही लोराझेपाम निवडतो, पण तेही थोड्या डोसात. कारण सिरॉसिसमध्ये मेंदूच या औषधांना हळवा झालेला असतो. रक्तात तेवढंच औषध असलं तरी गुंगी जास्त येते.

मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट मात्र पहिल्या वाक्यात आहे. सिरॉसिसमध्ये रात्री टक्क जागं राहणं आणि दिवसा डुलक्या घेणं हे बऱ्याचदा मेंदूवर विषारी द्रव्यांचा परिणाम सुरू झाल्याचं पहिलं लक्षण असतं. मी काकांना दोन्ही हात पुढे धरून मनगटं मागे वळवायला सांगितली. हात दर काही सेकंदांनी खाली गळून पुन्हा वर येत होते, हे त्याच परिणामाचं लक्षण. सही करायला कागद दिला, तर आडनावाच्या मधेच रेघ खाली घसरली. विचारल्यावर मुलाला आठवलं, बाबांना चार दिवस शौचाला झालं नव्हतं, आणि पोट तुंबलं की हीच द्रव्यं वाढतात. म्हणजे गोळीच्या आधीच गडबड सुरू झाली होती, आणि गोळीने ती झाकली आणि वाढवली.

काकांना दाखल केलं, गोळी बंद केली, इन्फेक्शन आणि रक्तस्राव तपासला, आणि रोज दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल एवढं लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध सुरू केलं. (जे महिनोन्‌महिने रोज अशी गोळी घेत आहेत त्यांनी ती स्वतःहून एकदम तोडू नये, त्यानेही झटके येऊ शकतात.) तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले, तेव्हा काका पेपर वाचत बसले होते. हात पुढे धरायला सांगितले, ते स्थिर होते. "रात्री झोप लागली," ते म्हणाले, "गोळीशिवाय."