ऑरगॅनिकचं लेबल नेमकी कशाची हमी देतं?

"ऑरगॅनिकचं लेबल असलं की डोळे झाकून घ्या. त्यावर एकही फवारणी झालेली नसते. प्रत्येक पाकीट लॅबमधून तपासून येतं, त्यामुळे विषाचा अंश शून्य! डाळीत किडे पडले तर समजा माल अस्सल. भाजी धुवायचीही गरज नाही. आणि पाकिटावर ऑरगॅनिक लिहिलंय म्हणजे सरकारने पाहिलेलंच असतं."

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. पाठवणाऱ्या काकूंचा हेतू चांगला आहे, त्यांच्या घरी नातू लहान आहे. पण मी काही वर्षं एका प्रमाणीकरण संस्थेसाठी शेतांवर तपासणीला जात होतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेतो.

आधी फवारणी. सेंद्रिय शेतकरी फवारतो, भरपूर फवारतो. निंबोळी अर्क, दशपर्णी, ताक, गंधक, जिवाणूंपासून केलेली कीटकनाशकं, सगळं पंपात भरून. टोमॅटोवर करपा आला तर बोर्डो मिश्रणही चालतं. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांबं जमिनीतून कुठे जात नाही, साठत राहतं. म्हणूनच ते सरसकट मोकळं नाही, मर्यादित वापराच्या यादीत आहे. या शेतीत चालत नाहीत ती कारखान्यातली रासायनिक कीटकनाशकं, तणनाशकं, युरिया-डीएपीसारखी खतं आणि जनुक बदललेलं बियाणं. संकरित बियाणं मात्र चालतं. ऑरगॅनिक टोमॅटो म्हणजे गावठीच, असं समजून कोणी जास्तीचे पैसे मोजत असेल तर ते वाया.

आणि ही बंदी पिकाच्या एका हंगामापुरती नसते. भात, तूर, भाजीपाला अशा हंगामी पिकांना पेरणीच्या आधी दोन वर्षं जमीन या नियमांखाली असावी लागते, आंब्यासारख्या झाडांना पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं. मधल्या काळातला माल पूर्ण ऑरगॅनिक म्हणून विकता येत नाही. गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासून हमी देतात त्या पीजीएस पद्धतीत तर त्यासाठी वेगळं चिन्ह आहे, 'पीजीएस-इंडिया ग्रीन'. त्यावर 'ग्रीन' वाचून लोकांना ते वरच्या दर्जाचं वाटतं. अर्थ उलटा आहे: माल अजून वाटेत आहे. (पाकिटावरच्या चौकोनातला हिरवा ठिपका हाही ऑरगॅनिकचा नव्हे, तो शाकाहारी पदार्थाचा. हे सांगावं लागतं, कारण मला दोघांनी विचारलं आहे.)

लॅबचा मुद्दा जरा सविस्तर घ्यावा लागेल, कारण मेसेजची सगळी भिस्त त्यावर आहे. ऑरगॅनिक प्रमाणपत्र मिळतं ते पिकवण्याच्या पद्धतीला, तुमच्या हातातल्या डाळीला नाही. मालाचे नमुने तपासले जातात, पण प्रत्येक पाकीट कोणी तपासत नाही. मुख्य तपासणी होते कागदांची आणि बांधावरची. छोटे शेतकरी एकटे येत नाहीत, गटाने येतात. गटातलेच नेमलेले लोक प्रत्येक शेत पाहतात, आणि बाहेरून आलेला माझ्यासारखा तपासनीस त्यांतली काही शेतं निवडून पुन्हा पाहतो. किती? बराच काळ हिशेब वर्गमुळाचा होता: 400 शेतकऱ्यांचा गट असेल तर कमीत कमी 20, जोखीम जास्त वाटली तर थोडे अधिक.

शहापूरच्या पुढे एका गटात मी भाताची तपासणी करत होतो. एका घराच्या पडवीत युरियाची रिकामी गोणी घडी करून ठेवलेली दिसली. शेतकरी हसला, म्हणाला, "साहेब, ती भावाची. त्याचं शेत वेगळं, बांध एकच." बांध एकच, हीच तर अडचण. भावाने फवारलेलं वाऱ्याने इकडे येतं, पावसाळ्यात त्याच्या खाचरातलं पाणी इकडे उतरतं. त्यासाठी कडेला काही पट्टा सोडायचा असतो आणि त्या पट्ट्यातलं भात वेगळं कापून साधं म्हणून विकायचं असतं. मी पट्टा पाहिला, पावत्या पाहिल्या, मग वहीतला आकडा पाहिला. चोरी सापडते ती बहुतेक वेळा या आकड्यात. ज्या जमिनीतून एकरी 10 क्विंटल भात येतं, तिथून कागदावर 30 क्विंटल विकलं गेलं असेल, तर वरचे 20 क्विंटल बाजारातून आले. त्या दिवशी आकडा जुळत होता. गोणीची मात्र मी अहवालात नोंद केली.

आता 'शून्य अंश'. आपल्याकडे ऑरगॅनिक पदार्थांचे नियम 2017 साली ठरले आणि 2018 च्या जुलैपासून लागू झाले. त्यांतही शून्य म्हटलेलं नाही. नेहमीच्या मालाला कीटकनाशकाच्या अंशाची जी कमाल मर्यादा आहे, तिच्या 5 टक्के ऑरगॅनिकला चालतात, किंवा प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येईल इतका किमान अंश. दोन्हींत जे जास्त ते. उदाहरण घ्या. एखाद्या कीटकनाशकाची मर्यादा किलोला 1 मिलिग्रॅम असेल तर ऑरगॅनिकला 0.05. मर्यादा 0.1 असेल तर 5 टक्के होतात 0.005, पण प्रयोगशाळा 0.01 च्या खाली खात्रीने मोजू शकत नसेल तर 0.01 धरतात. याला पळवाट म्हणणारे आहेत, मी म्हणत नाही. शेजारच्या शेतातून उडून आलेल्या थेंबाला जागा ठेवावीच लागते, आणि नेहमीच्या मालाच्या विसाव्या हिश्श्यापर्यंत आणणं ही लहान गोष्ट नाही.

किड्यांच्या बाबतीत मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पसरतो. साध्या धान्याच्या गोदामात अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून धुरी देतात. सेंद्रिय मालाला ती चालत नाही, म्हणून त्यात किडे लवकर दिसतात हे खरं. पण तुरीतल्या टोक्याची मादी शेतातच शेंगेवर अंडी घालते, आणि धुरी दिलेल्या डाळीलाही पाकीट नीट बंद नसेल तर दुकानात कीड लागते. जांभळी नाक्यावरून आणलेल्या साध्या तांदळात सोंडे झाले म्हणून तो ऑरगॅनिक होत नाही. उलट, चांगला सेंद्रिय व्यापारी धान्य नीट वाळवून, ऑक्सिजन काढलेल्या किंवा कार्बन डायऑक्साइड भरलेल्या पाकिटात बंद करतो, त्यात किडा होत नाही. म्हणजे किड्यावरून दोन्ही बाजूंनी काहीच कळत नाही. घरी आणलेली डाळ आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवली की अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत पाणी धरतं.

धुवायची गरज नाही, हे मात्र धोक्याचं आहे. सेंद्रिय पालेभाजीला जीवामृत घालतात. जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती, पाण्यात काही दिवस आंबवलेलं. जमिनीला छान, पण तेच मेथी-कोथिंबिरीच्या पानांवर पडलं असेल आणि दोन दिवसांनी जुडी बांधली असेल, तर पानावर काय काय असेल त्याचा विचार करा. मेथीची भाजी शिजते, प्रश्न मिटतो. कोथिंबीर आपण पोह्यांवर कच्चीच पेरतो. शेणातल्या जंतूंबद्दल लेबल काहीच बोलत नाही. 2011 साली जर्मनीत ई-कोलायची मोठी साथ आली, पन्नासहून जास्त माणसं दगावली. माग काढत तपास पोचला तो एका ऑरगॅनिक फार्मवरच्या मोडांपर्यंत, आणि ते मोड होते मेथीच्या बियांचे. त्या शेतावर कोणी नियम मोडल्यामुळे हे झालं असंही नाही. रसायन नसणं आणि जंतू नसणं यांचा एकमेकांशी संबंधच नाही. वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुवायचं, बस.

राहिलं 'लिहिलंय ना'. सोसायटीत एकत्र मागवलेल्या तूरडाळीच्या पाकिटावर पुढे ठळक '100 टक्के ऑरगॅनिक' होतं. मागे चौदा अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक. लोकांना तोच ऑरगॅनिकचा शिक्का वाटतो. तो फक्त अन्नधंद्याचा परवाना, फरसाणाच्या पुडीवरही असतो. 'जैविक भारत' हे ऑरगॅनिकचं सरकारी चिन्ह आणि प्रमाणीकरणाचा तपशील, दोन्ही कुठेच नव्हतं. मी विक्रेत्याला मेल करून प्रमाणपत्र मागितलं. दोन दिवसांत आलंही, रंगीत, सहीशिक्क्याचं. इथे बहुतेक जण थांबतात. अशा प्रमाणपत्रावर तीन गोष्टी वाचायच्या: कोणाच्या नावावर आहे, कुठल्या तारखेपर्यंत आहे, आणि सोबतच्या यादीत कुठली पिकं आहेत. नाव बरोबर होतं. मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली. आणि यादीत इंद्रायणी तांदूळ, नाचणी, हळद. तूर नव्हतीच.

मी दुसरा मेल केला: या डाळीच्या लॉटचं व्यवहार प्रमाणपत्र पाठवा. शेतकरी गटाकडून माल पुढे विकला जातो तेव्हा त्या मालापुरतं, वजनासकट, असं प्रमाणपत्र निघतं. प्रामाणिक व्यापाऱ्याकडे ते फाइलला असतंच. उत्तर आलं, "सर, आमचा माल थेट शेतकऱ्यांकडून येतो." थेट शेतकऱ्याला सवलत आहे हे खरं. छोटा शेतकरी किंवा त्यांचा छोटा गट स्वतः पिकवलेलं स्वतः ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, फक्त 'जैविक भारत' चिन्ह लावता येत नाही. रविवारी आमच्या गेटवर मुरबाडकडची बाई वाल, अळू आणि लाल माठ घेऊन बसते, तिला मी कागद विचारत नाही. तिच्याकडे जूनमध्ये फ्लॉवर नसतो. बाराही महिने वीस प्रकारच्या भाज्या मांडून 'ऑरगॅनिक'ची पाटी लावणाऱ्याचा माल मात्र बहुधा वाशीच्या मार्केटमधून निघालेला असतो. आणि पाकीटबंद डाळ ऑनलाइन विकणारी कंपनी काही मुरबाडची बाई नव्हे.

तसं मी लिहून कळवल्यावर पैसे परत आले, खुलासा आला नाही. डाळ शिजायला चांगली होती.