पाच म्हणजे दहापैकी का?

परदेशात शिकायला गेल्यावर पोरं कशी खचतात आणि सांस्कृतिक ओळख कशी हरवते, यावर मी मागे एक लेख लिहिला होता. त्यावर एका काकांनी लिहिलं:

*“लेख वाचला. रडगाणं वाटलं. मी 1986 साली अमेरिकेत शिकायला गेलो तेव्हा घरी तीन मिनिटं बोलायचं तर आठवडाभर पैसे साठवावे लागत. आजच्या पोरांना रोज व्हिडिओ कॉल आहे, तरी पहिल्याच सेमिस्टरला हातपाय गाळतात. आणि सांस्कृतिक ओळख हरवली म्हणजे नेमकं काय हो? तिकडे गणपती बसवता, आरत्या म्हणता, मग हरवलं काय?”*

काका, फोनच्या खर्चाचं एकदम मान्य. पण मागच्या लेखात एक गोष्ट मी लाजेखातर गाळली होती, ती आता सांगतो. जर्मनीत एमएस करताना पहिल्याच सेमिस्टरला मी सहापैकी तीन विषयांत नापास झालो.

पुण्यात मी वर्गातल्या पहिल्या पाचांतला. पण तिथे कॉलेजच आपल्याला हाकत नेतं, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. 75 टक्के हजेरी, युनिट टेस्ट, सबमिशन, परीक्षेचा फॉर्म राहिला तर नोटीस बोर्डावर नाव. जर्मनीत माझ्या एकाही लेक्चरला हजेरी घेत नसत. ऑक्टोबर ते फेब्रुवारीची सुरुवात शिकवणं, मग विषयाला एकच दीड-दोन तासांचा पेपर आणि सगळे गुण त्याच्यावर. त्या पेपरला बसायचं तर पोर्टलवर आपणच मुदतीत नोंदणी करायची. तयारी झाली नसेल तर मुदतीत नाव काढून घेता येतं, त्यात काहीच कमीपणा नसतो. नाव न काढता नापास झालात, की एक प्रयत्न खर्ची. बहुतेक विद्यापीठांत असे तीनच मिळतात. तिसराही गेला तर तो अभ्यासक्रम तिथेच संपतो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. मी सहाही विषयांची नोंदणी करून मोकळा झालो. विषय मागे ठेवायचा म्हणजे केटी, आणि केटी आपल्याला कशी लागेल!

तिथे 1.0 सर्वांत उत्तम, 4.0 ला काठावर पास आणि 5.0 म्हणजे नापास. निकालाच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आईनं विचारलं, “पाच म्हणजे दहापैकी का?” मी हो म्हटलं. तुम्हाला आठवड्यातून तीन मिनिटं खोटं बोलावं लागलं असतं, मला रोज अर्धा तास बोलावं लागलं.

आता गणपतीचं. आम्ही सात-आठ मराठी पोरं एकाच हॉस्टेलात होतो. तूरडाळ कुठल्या तुर्की दुकानात स्वस्त, फोडणी दिली की धुराचा अलार्म कसा वाचवायचा, हे सगळं ग्रुपवर मिळायचं. पण प्रत्येक विभागात विद्यार्थ्यांची एक संघटना असते, फाखशाफ्ट म्हणतात तिला, आणि आमच्या फाखशाफ्टच्या खोलीत मागच्या कित्येक वर्षांचे पेपर मागितले की मिळत. हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं, कारण शेजारच्या बाकावरच्या जर्मन पोराला विचारलंच नव्हतं. भाषा आड आली असं मी पुष्कळ दिवस सांगत राहिलो. कोर्स इंग्रजीत होता, काका. विचारलं तर आपल्याला येत नाही हे दिसेल, ही धास्ती होती.

निकालानंतर तपासलेला पेपर बसून बघता येतो. मी गेलो तो दोन-चार गुण वाढवून मागायला. समोर प्राध्यापकांचा सहायक होता. एका उत्तरात मी दीड पान सूत्राची सिद्धता लिहिली होती, अगदी पुस्तकातल्यासारखी. प्रश्न होता, हे सूत्र इथे कुठल्या गृहीतकावर लागू होतं आणि ते गृहीतक इथे टिकतं का. दोन ओळींचं उत्तर. त्यानं दीड पानावर एक सरळ रेघ मारली होती. मी सवयीनं आधी सॉरी म्हटलं, तर तो गोंधळला. सॉरी कशाबद्दल? तुमच्या इतर काही शंका आहेत का? हे ‘तुम्ही’ मला कुठल्याच सरांनी आधी म्हटलं नव्हतं.

तर हरवलं काय विचारता, ते हे. आरत्या मला आजही पाठ आहेत. पण ‘हुशार मुलगा’ एवढी एकच ओळख घेऊन मी विमानात बसलो होतो, आणि ती पाठांतरावर, सरांच्या मर्जीवर आणि गप्प बसण्यावर उभी होती. ती गेल्यावर खाली दुसरं काही सापडेना. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, तेव्हा तर मुळीच नाही. पहिल्या वर्षी एखादा ज्युनिअर ‘सगळं मस्त चाललंय’ म्हणतो तेव्हा मी त्याला घरची आठवण येते का हे विचारत नाही. किती पेपरांची नोंदणी केलीस आणि जुने पेपर कुठून आणलेस, एवढंच विचारतो. कसं चाललंय ते लगेच कळतं.

माझे दोन विषय दुसऱ्या प्रयत्नात सुटले, एक तिसऱ्यात. तो शेवटचा निकाल लागला त्या दिवशी आईला पाचाचा अर्थ सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “अरे, मग मी वर्षभर सोसायटीत सांगत होते त्याचं काय?”