सोलापुरी चादर हिंदीत ‘आता है’ कशी झाली

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका चादर-टॉवेल कारखानदाराच्या ऑनलाइन विक्रीचा मजकूर मी तपासतो. मूळ मजकूर इंग्रजीत लिहिला जातो, हिंदी अनुवाद बाहेरून होऊन येतो आणि तो एकदा वाचून पुढे पाठवणे एवढेच माझे काम असते. मध्यंतरी लखनऊच्या एका ग्राहकाने चादरीच्या पानाखाली विचारले, “भाई, चादर आता है या आती है?” प्रश्न एका ओळीचा होता, पण मला दोन दिवस पुरला.

पानावरची ओळ होती, ‘3 रंगों में आता है’. इंग्रजीत ती ‘कम्स इन थ्री कलर्स’ अशी होती, म्हणजे वाक्याला कर्ताच नव्हता, आणि असता तरी ‘इट’ या शब्दाला लिंग नाही. आमचा मजकूर एक्सेलच्या पत्रकात असतो. नाव एका चौकटीत, बाकीच्या ओळी वेगवेगळ्या चौकटींत. अनुवादकापुढे एकेक चौकट सुटी येते आणि वस्तू ठाऊक नसली की हिंदीत हात आपोआप पुल्लिंगाकडे जातो. आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती. टॉवेलची पाने आधी झाली होती. तौलिया पुल्लिंगी असल्यामुळे तिथे ‘आता है’, ‘बना है’, ‘सालों चलेगा’ हे सगळे बरोबरच होते. पुढे चादरीसाठी हीच इंग्रजी वाक्ये आली तेव्हा आधीचे अनुवाद साठवून ठेवणाऱ्या ट्रान्सलेशन मेमरीने जुना अनुवाद शंभर टक्के जुळला म्हणून जसाच्या तसा बसवला, आणि शंभर टक्के जुळलेली ओळ सहसा कोणी उघडून पाहत नाही. मीही पाहिली नव्हती. चूक ओळीत नव्हतीच. ती ज्या वस्तूखाली जाऊन बसली तिथे ती चूक झाली. गंमत अशी की दोन चादरींच्या सेटच्या पानावर तीच ओळ पुन्हा बरोबर ठरते, कारण तिथे कर्ता ‘सेट’ असतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. त्या प्रश्नानंतर मी आवेशाने चादरीची सगळी पाने स्त्रीलिंगी करत सुटलो आणि ‘इसे मशीन में धोया जा सकता है’ हे वाक्य ‘इसे मशीन में धोई जा सकती है’ असे ‘सुधारून’ पाठवले. मूळचेच बरोबर होते. ‘यह’ असेल तर क्रियापद चादरीप्रमाणे चालते आणि ‘यह मशीन में धोई जा सकती है’ असे होते; पण ‘इसे’ म्हणजे ‘इसको’, आणि ‘को’ लागला की क्रियापदाचा त्या नामाशी संबंध तुटतो. आपल्याकडेही हेच होते. ‘मुलगी पाहिली’, पण ‘मुलीला पाहिले’. फरक इतकाच की आपले क्रियापद अशा वेळी नपुंसकलिंगात जाते, तर हिंदीत नपुंसकलिंग नसल्यामुळे ते पुल्लिंगात जाऊन थांबते. म्हणून ‘इसे धोया’ हे पुल्लिंग दिसत असले तरी चादरीला पुल्लिंगी ठरवत नाही. आता मी आधी ‘यह’ आहे की ‘इसे’ ते पाहतो आणि मगच क्रियापदाकडे वळतो.

मालकांना मी सुचवले की पत्रकात वस्तूचे हिंदी नाव आणि त्याचे लिंग यांचे दोन रकाने वाढवावेत आणि चादरीची मेमरी टॉवेलपासून वेगळी ठेवावी. जिथे क्रियापदाची गरजच नाही तिथे ते काढून टाकावे. ‘उपलब्ध रंग: 3’ किंवा ‘धुलाई: मशीन में’ असे लिहिले की लिंगाचा प्रश्न उरत नाही. सगळ्याच ओळी ‘इसे’ने सुरू करणे हा सुद्धा एक मार्ग आहे, मात्र मग वर्णन रेल्वे स्थानकावरच्या सूचनेसारखे वाचले जाते.

आदरार्थाची गोष्ट मात्र पत्रकाने सुटत नाही. एकाच पानावर ‘अपने कमरे को सजाओ’ आणि खाली ‘पहली बार अलग धोएँ’ असे असेल, तर वरची ओळ ‘तुम’ची आणि खालची ‘आप’ची असते; हे निदान कानाला खटकते. पण ‘दादी को उपहार दें, वह इसे पसंद करेगी’ ही ओळ माझ्या नजरेतून तीनदा सुटली, कारण आपण मराठीत ‘आजी आली’ असेच म्हणतो आणि त्यात अनादर नसतो. हिंदीतही घरात आजीबद्दल एकवचन ऐकू येते. तरी दुकानदाराने अनोळखी ग्राहकाच्या आजीबद्दल असे लिहिणे वेगळे. आता ती ओळ अशी आहे, ‘दादीजी को उपहार दें, उन्हें यह बहुत पसंद आएगी’. यातला ‘आएगी’ आजीसाठी नसून चादरीसाठी आहे, त्यामुळे हीच ओळ टॉवेलच्या पानावर नेताना ‘आएगा’ करावी लागते, आणि ते करायला मी परवाच विसरलो होतो.