हप्ते बाकी असताना 'काही येणे राहिले नाही' असं लिहून देऊ नका

"चेक बाउन्सची केस मिटवायची आहे? वकिलाची गरज नाही. ५०० च्या स्टॅम्पवर समजोता लिहा आणि नोटरी करा, तो कोर्टाच्या हुकमाइतकाच पक्का. पैसे हप्त्याने येणार असले तरी 'फुल अँड फायनल, काही येणे राहिले नाही' असं लिहून केस लगेच मागे घ्या. समोरच्याने बुडवलं तर जुनी केस आपोआप परत सुरू होते. हप्ता चुकला तर दुप्पट रक्कम असं टाका, सही केली की कोर्टाला ती द्यावीच लागते. पुढच्या तारखांचे चेक घेतले की काळजी मिटली."

हा मेसेज परवा रात्री माझ्या मामांनी मला पाठवला. खाली एक ओळ होती : "असंच करून टाकतो, मंगळवारी सही आहे." मी लगेच फोन केला. मामा म्हणाले, "अरे, बागायतदारांच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, खोटा कसा असेल?" मी वकिली करतो, आणि याच सल्ल्यावर सह्या करून नंतर आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे हे सविस्तर लिहितोय.

मामांची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात. व्यापाऱ्याने माल उचलला आणि ६,४०,००० रुपयांचा चेक दिला. तो वटला नाही. नोटीस गेली, पैसे आले नाहीत, म्हणून कलम १३८ ची फिर्याद झाली. दोन वर्षं तारखा चालल्या. आता व्यापारी ४,८०,००० वर मिटवायला तयार आहे : सहीच्या दिवशी १,२०,००० आणि पुढे दरमहा १,२०,००० चे तीन हप्ते. मामांना पैशांची गरज आहे आणि कोर्टाचा कंटाळा आलाय. मिटवण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो व्यापाऱ्याने आणलेल्या कागदाला, जो या मेसेजशी तंतोतंत जुळतो.

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे जुनी केस आपोआप सुरू होते हा समज. फिर्यादीने कोर्टाच्या परवानगीने फिर्याद मागे घेतली की कोर्ट आरोपीला निर्दोष सोडतं. कायद्यातच तसं लिहिलंय, पूर्वीच्या फौजदारी संहितेत कलम २५७ आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम २८०. एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच चेकसाठी पुन्हा खटला चालत नाही. हप्ता आला नाही म्हणून मामा कोर्टात गेले तर तिथे उघडायला फाइलच उरलेली नसेल.

"मग मागे घेत नाही, तशीच ठेवतो," मामा म्हणाले. हे जास्त शहाणपणाचं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. गिम्पेक्स विरुद्ध मनोज गोयल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०२१ रोजी नेमका हाच प्रश्न सोडवला. जुन्या चेकची फिर्याद चालू, मध्ये समजोता झाला, समजोत्यात दिलेले चेकही वटले नाहीत, आणि दोन्हींवर खटले चालू राहिले. न्यायालयाने सांगितलं की दोन्ही एकत्र चालणार नाहीत. समजोता झाला की मूळ फिर्याद त्यात विरून जाते, आणि समजोता मोडला तर त्या मोडण्यातूनच दाद मागण्याचं नवं कारण तयार होतं. म्हणजे सही झाल्यावर मामांच्या हातात जुन्या केसचं बळ फारसं राहत नाही. हातात राहतं ते त्या कागदात लिहिलेलं. म्हणून 'हप्ता चुकला तर काय' हे कलम शेवटी घाईत लिहायचं नसतं. त्याच्यावरच बाकीचा कागद उभा असतो.

आता 'काही येणे राहिले नाही'. भारतीय करार कायद्याचं कलम ६३ सांगतं की येणेकरी आपलं येणं पूर्ण किंवा अंशतः सोडून देऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला बदल्यात काही मिळालंच पाहिजे असं नाही. कायद्यातलं उदाहरण असं : ५,००० रुपये येणं असताना २,००० घेऊन संपूर्ण फेड म्हणून स्वीकारले, तर पूर्ण ५,००० चं कर्ज फिटलं. त्यामुळे सहीच्या दिवशी १,२०,००० घेऊन ती ओळ लिहिली की वरचे १,६०,००० तिथेच गेले. शिवाय दुसरा हप्ता चुकल्यावर व्यापारी तोच कागद दाखवून म्हणेल, तुम्हीच लिहून दिलंय की काही राहिलं नाही. उरलेले हप्ते मागायलाही मामांना आधी स्वतःच्या सहीशी भांडावं लागेल.

आणलेल्या मसुद्यात आणखी एक शब्द होता, तो मामांच्या लक्षातही आला नव्हता : "फिर्यादी व त्याचे कुटुंबीय यांचे आजवरचे व यापुढचे कोणतेही येणे". मामींच्या नावावर वेगळा प्लॉट आहे. त्याच व्यापाऱ्याकडे त्या मालाचं वेगळं बिल बाकी आहे, ज्याचा या चेकशी काही संबंध नाही. मामींची सही नसताना त्यांचा हक्क सहज जाणार नाही, पण ते बिल मागायला गेल्यावर हीच ओळ पुढे येणार.

व्यापाऱ्याची बाजूही धरायला हवी. पूर्ण पैसे दिल्यावर आपण सुटलो याची खात्री मागण्याचा त्याला हक्क आहे. ती देता येते. मी मामांना लिहून दिलेली ओळ अशी : "शेवटचा हप्ता फिर्यादीच्या बँक खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्यावरच, सदर ६,४०,००० रुपयांच्या चेकबाबतचे व त्या एकाच बिलाचे येणे संपेल. तोपर्यंत फिर्यादीने कोणताही हक्क सोडलेला नाही. रक्कम जमा झाल्यापासून सात दिवसांत फिर्यादी फिर्याद मागे घेण्याची पुरसीस देईल." यात कोणाचंही नुकसान नाही. जो पैसे देणार आहे त्याला ही ओळ टोचायचं कारण नाही.

दुप्पट रकमेबद्दल थोडक्यात. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे दंड म्हणून लिहिलेली रक्कम ही फार तर वरची मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाई किती ते कोर्ट ठरवतं. हप्ता चुकल्यावर वाढीव व्याज लावण्याची अटसुद्धा दंड ठरू शकते. पण त्याच कलमाच्या उदाहरणांत असंही आहे की १,००० रुपयांचं कर्ज पाच समान मासिक हप्त्यांनी फेडायचं, आणि एक हप्ता चुकला तर सगळी बाकी रक्कम एकदम देय, ही अट दंड नाही, ती जशीच्या तशी लागू होते.

म्हणून कागद उलट्या बाजूने लिहायचा. आधी व्यापाऱ्याने कबूल करायचं की देणं ६,४०,००० आहे. मग मामांनी म्हणायचं की चारही रकमा ठरल्या तारखेला आल्या तर मी १,६०,००० ची सूट देतो, आणि एक जरी चुकली तर सूट रद्द होऊन मूळ रकमेतली बाकी लगेच देय. समजा पहिले १,२०,००० आणि एक हप्ता आला, पुढचा नाही. एकूण आले २,४०,०००. व्यापाऱ्याच्या मसुद्याप्रमाणे मामांना फार तर आणखी २,४०,००० मागता येतील. या मसुद्याप्रमाणे ४,००,०००. इथे दंड कुठेच नाही. माणसाने आपणच कबूल केलेलं देणं आहे, फक्त वेळेवर देण्याची सवलत त्याने गमावली.

'ठरली तारीख' हीसुद्धा नीट लिहावी लागते. मसुद्यात "दर महिन्याला" एवढंच होतं. महिन्याच्या कुठल्या दिवशी हप्ता चुकला धरायचा, हे त्यातून कोणालाच सांगता येणार नाही. दर महिन्याची ५ तारीख, बँकेला सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस, रक्कम खात्यात जमा झाली तरच पोहोचली, आणि सात दिवसांची मुदत संपली की वेगळ्या नोटिशीशिवाय हप्ता चुकला, असं स्पष्ट हवं.

पुढच्या तारखांच्या चेकबाबत मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. समजोत्यात दिलेला चेक वटला नाही तर नवी १३८ ची फिर्याद करता येते, हे गिम्पेक्समध्येच सांगितलंय. पण ती नवी फिर्याद असते. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोहोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद, आणि मग पुन्हा तारखा. शिवाय प्रत्येक चेक फक्त आपल्या हप्त्यापुरता. सूट रद्द होऊन ४,००,००० देय झाले तरी ते त्या १,२०,००० च्या चेकमधून निघणार नाहीत.

ते काढायला हुकूमनामा लागतो, आणि नोटरी केलेला कागद हुकूमनामा नसतो. नोटरी सही कोणी केली एवढं पाहतो. पैसे बुडाले तर त्या कागदावर आधी दावा, कोर्ट फी, पुरावा, निकाल, आणि मग वसुली. याउलट हीच तडजोड लोकअदालतीत नोंदवली तर निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम २१. चेकच्या फौजदारी केसमध्ये झालेला निवाडाही तसाच अंमलात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय. हप्ता चुकला की मामा थेट दरखास्त, म्हणजे वसुलीसाठीचा अर्ज, दाखल करू शकतात. आणि हो, तिथे वकिलाशिवाय जाता येतं, तेवढं मेसेजमध्ये खरं आहे. पण निवाड्यावर अपील नाही, आणि दरखास्तीच्या कोर्टाला निवाड्यात नसलेली अट घालता येत नाही. सूट रद्द होण्याचं कलम निवाड्यातच शब्दशः यायला हवं. वेगळ्या स्टॅम्पवर लिहून ठेवलं तर दरखास्तीत त्याचा उपयोग नाही.

मंगळवारची सही मामांनी थांबवली आहे. व्यापाऱ्याला नवा मसुदा पाठवला. सात दिवसांच्या मुदतीऐवजी त्याने दहा मागितले, आम्ही दिले. 'कुटुंबीय' शब्द त्याने काढला. ६,४०,००० च्या कबुलीला मात्र तो अजून तयार नाही. त्याच्या नावावर जमीन-घर काही दिसत नाही, दुकान भावाच्या नावावर आहे, आणि वसुलीला काहीच सापडलं नाही तर हुकूमनामाही नुसता कागद राहतो. म्हणून भावाने जामीनदार म्हणून त्याच तडजोडीवर सही करावी असं आम्ही कळवलंय. कबुली आणि भावाची सही या दोन्ही गोष्टी आल्या तर पुढच्या लोकअदालतीत प्रकरण ठेवू. तोवर फिर्याद चालू राहील.